टॅक्सीत, रिक्षात, दुकानात गप्पा मारताना या चुका टाळा

मुंबईत टॅक्सीत बसल्या बसल्या लोक पहिला प्रश्न विचारतात तो "दिवसाला किती सुटतात हो?" आणि मग म्हणतात ड्रायव्हर तुसडा होता. अरे, तुम्हाला कोणी पहिल्या भेटीत पगार विचारला तर? त्यात बरेच जण गाडी भाड्याने चालवतात, शिफ्टचं भाडं मालकाला, मग गॅस, आणि उरलं तर आपलं, त्यामुळे सकाळी दहाला हा हिशोब कोणालाच नको असतो.

त्यापेक्षा रस्त्याचं विचारा. समजा दादर टीटीवरून फोर्टला निघालात, तर बसल्यावर आधी नीट सांगा "काका, हुतात्मा चौकाजवळ", त्यांना मीटर टाकू द्या, गाडी वळवू द्या, आणि मग "लालबागच्या पुलावरून घेऊया की खाली मोकळं असेल?" इथे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि ते सांगायला आवडतं, जेजेच्या पुलापर्यंत विषय आपोआप सीएनजीच्या लाईनवर येतो. ड्रायव्हर जुने असतील तर "पद्मिनी चालवलीत का कधी?" विचारून बघा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची, वीस वर्षांच्या नियमाने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद झाली, आणि स्टीअरिंगजवळच्या त्या गिअरवर काही काका भायखळ्यापर्यंत बोलतात.

दुसरी चूक, थांबायचं कधी ते न कळणं. कानात ब्लूटूथ, उत्तर नुसतं "हां", किंवा रेडिओचा आवाज वाढला, की विषय संपला. सिग्नलला बोला, मर्ज होताना नाही. आणि संध्याकाळी एखादा "नाही जमणार" म्हणाला तर दर वेळी माज नसतो, बऱ्याचदा शिफ्ट बदलायची वेळ असते, गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची असते, तेव्हा "कुठल्या साईडला जाताय?" विचारलं की कधी कधी तीच दिशा निघते. (भाडं नाकारणं नियमात बसत नाही हे खरंय, पण तो वाद खिडकीतून घालून गाडी मिळत नाही.)

"गाव कुठलं?" हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचा सूर तपासणीसारखा नको. आधी "मी साताऱ्याचा, तुम्ही?" असं आपलं सांगून विचारलं की समोरचा जौनपूर म्हणो नाहीतर जुन्नर, बोलणं मोकळं होतं. राजकारण मात्र त्यांनी काढलं तरी हं हं करून सोडून द्या.

किराणा दुकानात गडबड वेळेची होते. संध्याकाळी सातला मागे पाच जण, शेठ तूरडाळ तोलतायत आणि आपण पोराच्या दहावीचं सांगतोय, मग वजन चुकतं, हिशोब परत करावा लागतो आणि मागचे लोक आपल्याकडे बघतात. तेव्हा फक्त यादी आणि सुट्टे पैसे द्या. गप्पांना दुपार बरी. तेव्हा "नवीन तांदूळ आलाय का, भात चिकट होतोय का?" असं विचारलं की शेठ स्वतः गोणीत हात घालून दाणे दाखवतात, आणि जुना घ्या म्हणून सांगतात तेही फुकट.