‘कायबी चालंल’ म्हणू नका: बाळाचं नाव विचारताना होणाऱ्या चुका

सांगलीत गावभागात आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिकेचं गिऱ्हाईक नावं ठरवून येतं. बारशाचं गिऱ्हाईक मात्र पाळण्यामागचा फ्लेक्स आणि पेढ्याच्या बॉक्सवरचे स्टिकर सांगतं, साइज सांगतं, ॲडव्हान्स देतं आणि शेवटी म्हणतं, "वहिनी, नाव तेवढं तुमीच सुचवा की. कायबी चालंल, फक्त छान पायजे."

‘कायबी चालंल’ ही पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक. काहीही कधीच चालत नाही. चालत नाही ते काय, हे फक्त मी नावं सांगायला लागल्यावर एकेक बाहेर येतं. दुकानात गर्दी असताना हा खेळ खेळायला लागला की माझं डोकं फिरतं.

एक उदाहरण पुरं सांगते, कारण त्यात बहुतेक सगळ्या चुका एकदमच आल्या होत्या. जत तालुक्यातलं लिंगायत घर. भावाला मुलगी झालेली, बारसं रविवारी, आणि काका गुरुवारी संध्याकाळी दुकानात. काही माहिती नाही, नुसतं ‘मुलीचं नाव’. मी म्हटलं, सायली. तर म्हणे थोरल्या जावेच्या मुलीचं तेच आहे. मीरा म्हटलं तर चुलत आजीचं नाव मीराबाई, आणि त्यांच्या घरात सुना आजेसासूचं नाव घेत नाहीत, मग लेकीला हाक कशी मारायची? ओवी म्हटलं तर शेजारची ओवी दिवसभर रडते. रेवा म्हटल्यावर काका जरा थांबले आणि म्हणाले, "तसं न्हवं, अक्षर वेगळं आलंय."

अक्षर आलंय! हे वाक्य पहिलं यायला पाहिजे होतं, ते चार नावं वाया गेल्यावर आलं. आणि अक्षर कुठलं, तर ‘ण’.

आता इथं जरा थांबून सांगते, कारण ‘ण’, ‘ङ’ किंवा ‘ञ’ आलं की लोक घाबरतात आणि इंटरनेटवर ‘ण वरून मुलींची नावे’ शोधत बसतात. पंचांगात २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. जन्माच्या वेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याचं अक्षर बाळाला येतं. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. आर्द्राची कू, घ, ङ, छ. ह्यातल्या ङ, ञ आणि ण ने मराठीत नाव सुरू होत नाही हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सोय करून ठेवली आहे: ङ ला ग, ञ ला ज, ण ला ड घ्यायचं. तसंच स आणि श एकच धरायचे, व आणि ब एकच. जोडाक्षर असेल तर त्यातलं पहिलं अक्षर बघायचं, म्हणजे ‘प्रणव’ हा प मध्येच आला. ड वरून मुलीचं नाव म्हटलं की डिंपलच्या पुढं गाडी जात नाही, त्यामुळे आमच्याकडं ण ला सरळ न घेऊन मोकळे होणारेही आहेत. हे सगळं तुमच्या गुरुजींना किंवा स्वामींना एका फोनवर विचारता येतं. पण काकांनी ते अक्षर चिठ्ठीवर लिहून खिशात घातलं आणि थेट माझ्याकडं आणलं.

मी विचारलं, जन्म कधीचा? "मंगळवारी रात्री पाऊण वाजता."

माझी सवय अशी की इथं मी पुढं जातच नाही. दवाखान्याच्या कार्डाचा फोटो मागते. आपल्या बोलण्यात मध्यरात्रीनंतरही मंगळवारची रात्रच चालू असते, आणि पंचांगाच्या हिशेबातही सूर्योदयापर्यंत वार मंगळवारच. पण तारीख मात्र बाराच्या ठोक्याला बदललेली असते. काकांनी स्वामींना फोनवर तारीख मंगळवारची दिली आणि वेळ पाऊणची. स्वामींनी दिलेल्या तारखेप्रमाणं बरोबरच बघितलं, फक्त ते पोर जन्मायच्या चोवीस तास आधीचं निघालं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, एका चरणात सहा तासांच्या आसपास. म्हणजे तारखेची चूक झाली की अख्खं नक्षत्र चुकतं, आणि ‘पहाटे कधीतरी’ असं मोघम सांगितलं की चरण चुकू शकतो.

कार्डावर बुधवारची तारीख आणि वेळ ००:४५. काकांनी दुकानातूनच फोन लावला. स्वामींनी परत पंचांग उघडलं. हस्त गेलं, चित्रा आलं, तिसरा चरण, अक्षर ‘रा’. चित्राची अक्षरं पे, पो, रा, री. मघाशी उगाच ण च्या मागं लागलो होतो.

तरी नाव झालंच नव्हतं. मी विचारलं, घरात नावं कुठल्या वळणाची आहेत? तेव्हा कळलं की बाळाची आजी कन्नड बोलणारी, घरातली जुनी नावं मल्लव्वा, शिवलीला, बसवराज. आजीला तोंडात बसेल असं नाव पाहिजे, आईला शाळेत हाक मारताना अवघडल्यासारखं होणार नाही असं पाहिजे. ‘राही’ आजीला आवडलं नाही. ‘राजेश्वरी’ म्हटल्याबरोबर फोनच्या पलीकडून आजीचा आवाज आला, "हां, राजेश्वरी!" घरात राजी म्हणतील, वहीवर राजेश्वरी. वडिलांच्या नावाला आणि आडनावाला जोडून तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं, कुठं अडखळलं नाही. प्रूफ त्याच संध्याकाळी पाठवलं.

हे सगळं आधी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून मी आता पत्रिकेच्या कापून उरलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या काउंटरवर ठेवते. नाव पाहिजे असेल तर आधी ती भरायची. मुलगा की मुलगी, वडिलांचं नाव आणि आडनाव, अक्षर बघायचं आहे का आणि बघायचं असेल तर कार्डावरची तारीख-वेळ. मागच्या बाजूला ‘नको असलेली नावं’. ही मागची बाजू मला पुढच्यापेक्षा जास्त उपयोगाची. जावा, दीर, चुलत भावंडं, आजेसासू, ज्यांच्याशी वाकडं आहे ते भावकीतले, सगळे तिथं लिहायचे. ज्याला एवढं लिहायचा कंटाळा, त्यानं हजारो नावांची पीडीएफ डाउनलोड करावी आणि शेवटी ‘आरव’ ठेवावं. बरेच जण तेच करतात.

दुसरी माझी आवडती तक्रार: घराण्याची परंपरा न सांगता नाव मागणं. नाव बाहेरच्याला कसं दिसतं आणि घरात काय असतं ह्यात आपल्या भागात फार फरक आहे. आमच्याकडच्या जैन घरांत शीतल हे सर्रास पुरुषाचं नाव असतं, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. पुण्याकडून आलेल्या सुनेला ते माहीत नसतं आणि ती हसते, मग सासरे दुखावतात. त्याच घरात बाहुबली किंवा आदिनाथ सुचवलं तर कुणाला नवल वाटत नाही. खरसुंडीचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, औंधची यमाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, कुलदैवत कुठलं हे कळलं तरी अर्धी यादी आपोआप खोडली जाते. वारकरी घरात मुक्ता आणि जनाई चालतात तशा दुसरीकडं चालतीलच असं नाही. मिरजेतून मुसलमान गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा नाव ठरवूनच येतं, आणि विचारायचं असेल तर आधी सांगतं की अरबी पाहिजे की फारसी चालेल. ही शिस्त बाकीच्यांनी उचलावी.

‘अर्थपूर्ण नाव’ हाही असाच पोकळ निरोप. कसला अर्थ? देवाचा, नदीचा, उजेडाचा, की आजोबांची आठवण? आणि इंटरनेटवरच्या यादीत नावासमोर जे छापलंय ते खरं धरू नका. तिथं कुठल्याही दोन अक्षरांचा अर्थ ‘देवाचा अंश’ नाहीतर ‘सूर्याचा किरण’ असतो. मी मराठी शब्दकोश नाहीतर संस्कृत कोश उघडते. तिथं सापडलं नाही तर तसं तोंडावर सांगते, मग ठेवायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

‘युनिक पाहिजे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त ते नाव वर्गशिक्षिकेला एका दमात वाचता येईल का, एवढं विचारते.

मोठ्या भावंडाचं नाव सांगायला विसरू नका.

आत्याला शेवटी विचारू नका. पाळण्यात कानात कुर्र तीच करणार आहे आणि रुसणारही तीच आहे.

आता घाईचं. ‘दवाखान्यातून फॉर्म भरायला सांगितलाय, आजच नाव द्या’ असं सांगत लोक धावत येतात. जन्माची नोंद २१ दिवसांत द्यावी लागते हे खरं, पण त्यात बाळाचं नाव द्यावंच लागतं असं नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव घातलं तर त्याला फी लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा फॉर्मच्या भीतीनं कसलंही नाव टाकू नका. विशेषतः राशीचं नाव. हा घोटाळा वरचेवर होतो: दवाखान्यात हजर असलेला मामा फॉर्मवर गुरुजींनी सांगितलेलं राशीनाव लिहून देतो, बारशाला भलतंच नाव ठेवतात, आणि आधारच्या वेळी दाखल्यावर कुणीच न वापरलेलं नाव निघतं. रिकाम्या जागेत नाव घालणं सोपं, नोंदलेलं नाव बदलणं ही वेगळीच यातायात. राशीनाव पत्रिकेत राहू द्या, हाक मारायचं नाव दाखल्यावर जाऊ द्या.

आणि इंग्रजी स्पेलिंग फ्लेक्सचं प्रूफ यायच्या आधी ठरवा, दाखल्यावरही तेच घाला. एक ‘ए’ की दोन ‘ए’ हे भांडण माझ्या काउंटरवर नको. फ्लेक्स एकदा मशीनवर गेला की दुसऱ्या प्रिंटचे पैसे मी घेतेच.