सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि दुकानदाराचे खरे उत्पन्न

गृहकर्ज देणाऱ्या संस्थेत क्रेडिट विभागात नव्याने रुजू झालेल्यांकडे पहिल्यांदा स्वयंरोजगारी अर्जदाराची फाइल आली की, बहुतेक जण स्टेटमेंटमधील एकूण जमा रकमेला सहाने भागून मोकळे होतात. नोकरदाराच्या बाबतीत पगाराची एकच ओळ उत्पन्न सांगते, त्यामुळे ही सवय लागलेली असते. दुकानदाराच्या चालू खात्यात मात्र विक्री, उसनवारी, कर्ज आणि स्वतःचेच इकडून तिकडे हलवलेले पैसे एकाच स्तंभात उभे असतात, आणि ते वेगळे करणे हेच आपले काम असते.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात रंग आणि हार्डवेअरचे दुकान असलेल्या एका अर्जदाराची फाइल मी नव्या सहकाऱ्यांना शिकवताना नेहमी वापरतो. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेले आहेत. मागणी होती 17 लाखांच्या गृहकर्जाची, पंधरा वर्षांसाठी, म्हणजे साधारण 18,000 रुपयांच्या हप्त्याची. एप्रिल ते सप्टेंबर या काळात चालू खात्यात 54 लाख रुपये जमा झालेले होते. महिन्याला नऊ लाखांची उलाढाल, असे एजंटने फाइलवर लिहूनही दिले होते.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी स्टेटमेंट अस्सल आहे की नाही ते पाहावे. मागील शिल्लक अधिक जमा वजा नावे हे गणित प्रत्येक ओळीला जुळले पाहिजे. एखादी रक्कम बदललेल्या पीडीएफमध्ये पुढची शिल्लक बदलायची बहुधा राहून जाते. अर्जदाराच्या संमतीने अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत थेट बँकेकडून माहिती आली असेल, तर ही चिंता जवळपास उरत नाही.

आता त्या 54 लाखांकडे पाहू. त्यातील साडेसहा लाख त्याच्याच बचत खात्यातून आले होते. पाच लाख एका वैयक्तिक कर्जाचे होते, जे जुलैमध्ये जमा झाले आणि त्याच आठवड्यात भूखंडाच्या मालकाला चेकने गेले. गिऱ्हाइकांचे एक लाख वीस हजारांचे चेक जमा दिसत होते, परंतु दोन दिवसांनी तेच निधीअभावी परत गेले होते. जमा आणि परतावा या दोन वेगळ्या ओळी असल्यामुळे घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून दुसरी ओळ निसटते.

राहिले आठ लाख तीस हजार. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, दर महिन्याच्या चार तारखेला एकाच व्यक्तीकडून दोन लाखांच्या आसपास रक्कम येत होती आणि सहा तारखेला तेवढीच रक्कम त्याच व्यक्तीकडे परत जात होती. याचे कारण उघड आहे. अनेक संस्था सरासरी शिल्लक काढण्यासाठी 5, 15 आणि 25 तारखेची शिल्लक घेतात, आणि हे एजंटांना आपल्याइतकेच ठाऊक असते. सहा महिन्यांच्या अठरा नोंदींची सरासरी वरवर पाहता 87,000 येत होती. ही फिरवाफिरवी काढल्यावर ती 41,000 वर उतरली. अशी फिरवाफिरव दिसली म्हणून फाइल लगेच नाकारावी, असे मला वाटत नाही. पुष्कळदा अर्जदाराला कोणीतरी तसे करायला सांगितलेले असते, आणि प्रत्यक्ष भेटीत शांतपणे विचारले तर तो ते सांगतोही.

या सगळ्या वजाबाकीनंतर 33 लाख उरले, म्हणजे महिन्याला साडेपाच लाख. हा आकडा जीएसटी विवरणपत्राशी ताडून पाहावा. तिथे त्याच सहा महिन्यांची विक्री साडेअठ्ठावीस लाख होती. नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण विवरणपत्रातील विक्री कराशिवाय असते आणि खात्यात आलेले पैसे करासह असतात. रंग आणि बहुतेक हार्डवेअरवरचा 18 टक्के कर मिळवला की ती रक्कम 33 लाख 60 हजारांच्या आसपास जाते. थोडी रोख विक्री खात्यात न भरता परस्पर खर्च होते, हे धरले तर दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात.

परंतु ही विक्री झाली, उत्पन्न नव्हे, आणि त्यासाठी नावे बाजू वाचावी लागते. माझ्या मते दुकानाची खरी स्थिती जमा बाजूपेक्षा तिथेच अधिक कळते. रंगाच्या कंपनीचा वितरक आणि हार्डवेअरचे घाऊक व्यापारी यांना सहा महिन्यांत 27 लाख गेले होते. त्याखेरीज दुकानाचे भाडे 72,000, दोन कामगारांचे पगार 1,08,000, वीज आणि माल वाहतूक 30,000 आणि जीएसटीचा भरणा 90,000 होता. 33 लाखांतून हे तीस लाख गेले की तीन लाख उरतात. महिन्याला पन्नास हजार.

या आकड्याची उलटतपासणी त्याच कागदावर करता येते. सहा महिन्यांत त्याने नऊ लाख बचत खात्यात वळवले आणि साडेसहा लाख परत आणले, म्हणजे घरखर्चाला अडीच लाख लागले. वैयक्तिक कर्जाचे 13,900 रुपयांचे दोन हप्ते गेले होते. तीन लाखांतून हे दोन्ही वजा केले तर सुमारे 22,000 उरायला हवेत, आणि एप्रिलच्या सुरुवातीपेक्षा सप्टेंबरअखेरची शिल्लक जवळपास तेवढीच वाढलेली होती. हा मेळ बसला नसता, तर कोणती तरी रक्कम आपण चुकीच्या गटात टाकली आहे किंवा व्यवहारासाठी आणखी एखादे खाते आहे, असे समजून पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागले असते.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र आहे. पुरवठादारांची देणी थकवलेली असतील तर उत्पन्न फुगलेले दिसते, आणि मालाचा साठा वाढवला असेल तर ते आक्रसते. स्टेटमेंटवर यातले काहीच दिसत नाही. म्हणून दुकानात जाऊन साठा पाहावा आणि वितरकाकडून खातेउतारा मागवावा. या फाइलमध्ये उधारी नेहमीइतकीच होती. हंगामही लक्षात घ्यावा लागतो. या दुकानाची विक्री मे महिन्यात सात लाख चाळीस हजार होती आणि जुलैमध्ये तीन लाख नव्वद हजार. हप्ता जुलैमध्येही भरायचाच असतो. त्यामुळे पावसाळ्यातील हप्ते वेळेवर गेले का, हे मी सरासरीआधी पाहतो. त्याचा ऑगस्टचा हप्ता पहिल्याच प्रयत्नात वळता झाला होता.

पन्नास हजारांपैकी निम्मी रक्कम सर्व हप्त्यांसाठी धरण्याचे आमचे धोरण होते. 25,000 मधून चालू हप्ता वजा केल्यावर सुमारे 11,000 उरले, आणि दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी त्यात दहा लाखांच्या आसपास कर्ज बसते. आम्ही दहा लाख मंजूर केले. मंजुरीच्या टिपणीत असेही नोंदवले की, वैयक्तिक कर्ज पूर्ण फेडल्याचा दाखला आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट घेऊन अर्जदार आल्यास उरलेल्या सात लाखांचा पुन्हा विचार करावा, मात्र ती परतफेड कोणत्या पैशांतून झाली हे आधी तपासावे.