‘रामायण’ मालिका, एक संप आणि दोन दृष्टिकोन : माध्यमांवर तुलनात्मक निबंध कसा लिहावा

‘राजकीय अर्थशास्त्र आणि सांस्कृतिक अभ्यास या दोन दृष्टिकोनांची तुलना करा’ या प्रश्नाची बहुतेक उत्तरं एकाच साच्यातून निघतात. अर्धं पान एकाची वैशिष्ट्यं, अर्धं पान दुसऱ्याची आणि शेवटी ‘दोन्ही परस्परपूरक आहेत’. या झाल्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या दोन टिपा. त्यात तुलना कुठेच नाही.

म्हणून आधी प्रसंग निवडा, सिद्धान्त नंतर. प्रसंग असा हवा की त्याचा उलगडा दोघांनाही करावा लागेल आणि करताना दोघंही कुठेतरी अडतील. ‘भारतीय टीव्ही’ हा विषय हजार शब्दांत मावत नाही, एक घटना मावते.

उदाहरण म्हणून रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका घेऊ. जानेवारी 1987 पासून ती दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. लोक आंघोळी उरकून समोर बसत, टीव्हीला हार घालत. 1988 मध्ये ती रामाच्या राज्याभिषेकाशी संपणार असं कळलं, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांतले बरेच जण वाल्मीकी समाजाचे होते. वाल्मीकी ऋषी त्यांना पूज्य, आणि लव-कुशांना वाढवणारे वाल्मीकी दिसणार ते उत्तरकांडात, जे मालिकेत येणारच नव्हतं. संप इतर शहरांतही पसरला, कचरा साचू लागला. अखेर सरकार नमलं आणि पुढचा भाग स्वतंत्र मालिका म्हणून आला.

आता दोघांना आपापला पुरावा मांडू द्या. राजकीय अर्थशास्त्र विचारतं : मालक कोण, पैसा कुठून येतो, नियम कोण ठरवतं? देशभर दिसणारी वाहिनी तेव्हा एकच, तीही सरकारी. 1984 च्या ‘हम लोग’पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचा रस्ता खुला झाला होता. डॅलस स्माइथ यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की व्यापारी माध्यमं जाहिरातदाराला मुळात प्रेक्षकच विकतात. रविवार सकाळची ती गर्दी या चौकटीत चपखल बसते.

सांस्कृतिक अभ्यास विचारतो : बघणाऱ्याने त्यातून काय घेतलं? स्टुअर्ट हॉल यांच्या मते प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, थोडी घासाघीस करून स्वीकारतो किंवा विरोधात वाचतो. हे सिद्ध करायला प्रेक्षकांचं बोलणं आणि वागणं लागतं, जाहिरातीचे दर चालत नाहीत.

मग दोघांना अडचणीत आणा. खरा निबंध इथे सुरू होतो, म्हणून निम्मे शब्द याच्यासाठी राखून ठेवा.

स्माइथ यांच्या चौकटीत प्रेक्षकाची किंमत त्याच्या खरेदीवर ठरते. हातावर पोट असलेला सफाई कामगार जाहिरातदाराचं लाडकं गिऱ्हाईक कसा असेल? तरीही मालिका वाढली ती त्याच्या मागणीमुळे. हॉल यांच्या तीन वाचनांपैकीही एकही नीट लागू पडत नाही. कामगारांनी मालिका नाकारली नाही. ती अपुरी आहे, आमचे ऋषी दाखवा, असं म्हटलं. त्याला घासाघीस म्हणता येईल, पण ही घासाघीस मनातल्या मनात झाली नाही. झाडू खाली ठेवून झाली.

मागणी का उठली हे सांस्कृतिक अभ्यास सांगतो : वाल्मीकींशी असलेलं नातं आणि पडद्यावर दिसण्यातून मिळणारी प्रतिष्ठा. पण मागणी मान्य का झाली, हे त्याला सांगता येत नाही. तिथे मालकी पाहावी लागते. वाहिनी सरकारी आणि शहरं तुंबली तर झळही सरकारलाच. हीच मालिका खासगी वाहिनीवर असती, तर त्याच संपाचा दाब वाहिनीच्या मालकापर्यंत पोचला असता का? हा प्रश्न निबंधात जरूर विचारा. माझ्या मते पोचला नसता, निदान इतका सरळ नाही. तुमचं मत वेगळं असेल तर कारणासह लिहा.

भूमिका एका वाक्यात बांधा, उदाहरणार्थ : ‘संपाची मागणी प्रेक्षकांनी लावलेल्या अर्थातून आली, तिचं यश मालकीच्या रचनेतून आलं.’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात जावं. ‘दोन्ही महत्त्वाचे’ इथवरच तुमची भूमिका येत असेल तर प्रसंग चुकला आहे, तो बदला.

कच्चा मसुदा तपासताना दोन घसरणी हमखास सापडतात. एक, वाहिनी सरकारी म्हणून प्रेक्षकांनी सरकारी अर्थच घेतला, असं गृहीत धरलेलं असतं. मालकीवरून मन वाचता येत नाही. दुसरी, लोकांनी आपला अर्थ लावला म्हणजे सत्ता त्यांच्या हाती आली, असा सूर लागतो. 1995 मध्ये राजकीय अर्थशास्त्राच्या बाजूचे निकोलस गार्नहॅम आणि सांस्कृतिक अभ्यासाच्या बाजूचे लॉरेन्स ग्रॉसबर्ग यांच्यात या दोन परंपरांच्या नात्यावरून जाहीर वाद झाला. गार्नहॅम यांचा आक्षेप साधारण दुसऱ्या घसरणीवर होता, ग्रॉसबर्ग यांचा पहिलीच्या जवळ जाणारा. या वादाला निबंधात दोन-तीन वाक्यं पुरेत. अख्खा वाद ओतलात तर जालंधरला जागा उरणार नाही.