ब्रोकोलीच्या भाजीला उग्र वास आणि मसाला वेगळाच: माझा अनुभव

ब्रोकोलीची भाजी केली की कोबी जास्त शिजल्यासारखा उग्र वास यायचा, तुरे मऊ पडायचे आणि मसाला तळाशी राहायचा. गरम मसाला वाढवला, टोमॅटो घातला, झाकण ठेवून वाफवली. तीनदा भाजी तशीच उरली, फार वैताग आला.

चूक मसाल्यात कमी आणि वेळेत जास्त होती. ब्रोकोली कोबी-फ्लॉवरच्या कुळातली, जास्त शिजली की गंधकाचा वास सोडते. आता असं करते:

पाव किलो ब्रोकोलीचे लहान तुरे धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे करायचे. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या घालायच्या. लसणाची कड सोनेरी झाली की पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट आणि लगेच तुरे टाकायचे. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटं परतायचं. देठात सुरीचं टोक थोडा जोर लावून शिरलं की झाली. मीठ शेवटी. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर हिरवा रंग मळकट होतो.

नवी भाजी आली की आता आधी तिच्यासारखी ओळखीची भाजी शोधते. झुकिनी दोडक्यासारखी पाणी सोडते, म्हणून तिला जिरं-लसूण आणि शेवटी दाण्याचं कूट, तेच पाणी शोषून घेतं. बीट गोड आणि मातकट, त्याला मोहरी, हिरवी मिरची आणि भरपूर लिंबू. बिटात गरम मसाला मला अजिबात आवडला नाही.