वायरलेस कीबोर्ड घेताय? ब्लूटूथ की डोंगल, ते असं ठरवा

दुकानात दोन कीबोर्ड सारखेच दिसतात. एकासोबत यूएसबी पोर्टमध्ये लावायचा नखाएवढा डोंगल येतो, दुसरा थेट ब्लूटूथला जोडायचा असतो. दोन्हींची रेडिओ लहर मात्र एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्यामुळे एक मुळातच वेगवान आणि दुसरा मुळातच संथ असं काही नाही. निवड ठरते ती तुमच्या टेबलावर काय काय जोडलेलं आहे त्यावरून.

पायरी 1: आधी पोर्ट मोजा

उदाहरण घेऊ. लॅपटॉपला दोन साधे यूएसबी पोर्ट आणि एक टाइप-सी आहे. टाइप-सीला चार्जर, एका यूएसबीला माउसचा डोंगल, दुसऱ्याला बॅकअपची एक्स्टर्नल हार्डडिस्क. इथे कीबोर्डच्या डोंगलला जागाच उरत नाही. अशा वेळी ब्लूटूथ घ्या, किंवा एकाच डोंगलवर चालणारा कीबोर्ड-माउसचा जोड घ्या. लॉजिटेकच्या बोल्ट डोंगलला सहा उपकरणं जोडता येतात, पण त्यांच्याच जुन्या युनिफाइंग डोंगलवर बोल्टचा कीबोर्ड चालत नाही. तेव्हा नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, खोक्यावरचं चिन्ह जुळवून घ्या. फक्त टाइप-सी असलेल्या लॅपटॉपला डोंगल लावायचा तर बहुतेकदा अडॅप्टर लागतो, तोही खर्चात धरा.

पायरी 2: विंडोज सुरू होण्याआधी कीबोर्ड लागतो का?

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जायचं असेल, नवीन विंडोज टाकायचं असेल किंवा संगणक चालू होतानाच पिन द्यावा लागत असेल, तर डोंगल घ्या. संगणकाला डोंगल हा साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो, त्यामुळे तो सुरुवातीपासून चालतो. ब्लूटूथ कीबोर्ड बहुतेक पीसींवर विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो. डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं: बऱ्याच जुन्या किंवा जुळवलेल्या पीसींमध्ये ब्लूटूथच नसतं. मग त्यासाठी वेगळा डोंगल लावावा लागतो आणि पोर्ट वाचवण्याचा मुद्दाच संपतो.

पायरी 3: लॅग घरी तपासा

लॅग म्हणजे की दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा उशीर. आकडे सांगायचे तर साधा डोंगल बहुधा दर 8 मिलिसेकंदांनी संगणकाला खबर देतो आणि गेमिंगचा चांगला डोंगल दर 1 मिलिसेकंदाला. सध्याच्या बहुतेक ब्लूटूथ कीबोर्डांमध्ये हे अंतर 7.5 मिलिसेकंदांच्या खाली जात नाही, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्तच असतं. पत्रं, बिलं, लेख टाइप करताना हा फरक बोटांना कळत नाही. वेगवान गेम खेळणाऱ्यांनी मात्र डोंगलच घ्यावा.

रोजच्या कामात छळतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. पहिली म्हणजे झोप. कीबोर्ड थोडा वेळ पडून राहिला की बॅटरी वाचवायला झोपतो. ब्लूटूथवर पुन्हा जोडलं जाईपर्यंत पहिली एक-दोन अक्षरं हरवू शकतात. पासवर्ड चुकल्याचा संदेश वारंवार येत असेल, तर आधी शिफ्ट की दाबून थोडं थांबा आणि मग टाइप करा. त्याने काम झालं, तर दोष झोपेचाच.

दुसरी गोष्ट डोंगलवाल्यांसाठी जास्त महत्त्वाची. यूएसबी 3 च्या पोर्टमधून, आणि त्याहून जास्त त्याला जोडलेल्या हार्डडिस्कमधून व केबलमधून, याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने 2012 मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. तपासायला हार्डडिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि तेवढ्यात नोटपॅडमध्ये टाइप करत राहा. अक्षरं गळू लागली, किंवा एकदाच दाबलेला ‘क’ ‘ककककक’ असा धावत सुटला (बोट उचलल्याची खबर पोचायला उशीर झाला, की असं होतं), आणि कॉपी थांबवताच सगळं सुरळीत झालं, तर कीबोर्ड परत करायची गरज नाही. डोंगल यूएसबी 2 च्या पोर्टमध्ये लावा. तसा पोर्ट नसेल तर छोट्या एक्स्टेन्शन केबलने तो हार्डडिस्कपासून दूर, कीबोर्डजवळ आणा. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, लोखंडी डब्याआड खोचलेल्या डोंगललाही हाच उपाय लागू पडतो.

पायरी 4: बॅटरी

यात फारसा फरक नाही. लॉजिटेकचा के380 ब्लूटूथवर आणि के270 डोंगलवर चालतो. दोन्हींना दोन ट्रिपल-ए सेल लागतात आणि दोन्हींसाठी कंपनी सुमारे दोन वर्षांचाच दावा करते. बॅटरी खरी खातो तो अक्षरांखालचा दिवा. एमएक्स कीजसारखा कीबोर्ड दिवा चालू ठेवून सुमारे 10 दिवस चालतो, बंद ठेवला तर सुमारे 5 महिने. ज्याला चार्जिंगचा कंटाळा आहे त्याने दिव्याशिवायचा कीबोर्ड घ्यावा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक जरूर विचारा: डोंगल हरवला तर नुसता डोंगल वेगळा मिळतो का? बऱ्याच स्वस्त कीबोर्डांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते आणि दुसरा डोंगल त्यांना चालत नाही. लॅपटॉप रोज पिशवीत टाकून नेणाऱ्यांनी शक्यतो ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही चालणारं मॉडेल बघावं.