गोष्ट बरोबर, हसू गायब: मालवणी गजालीचा सारांश करताना या चुका टाळा

आमच्याकडे दुभाष्याचं काम शिकायला आलेल्या मुलीने पहिला सारांश हातात दिला, तेव्हा तो वाचून मी विचारलं, "आबा सांगताना लोक हसत होते ना?" ती म्हणाली, "हो, खूप." मग कागदावर ते हसू कुठे होतं?

काम साधं होतं. कुडाळकडच्या एका आबांनी सांगितलेली चार मिनिटांची गजाल, म्हणजे गप्पांच्या ओघात रंगवून सांगितलेली गोष्ट, ध्वनिमुद्रित केलेली होती. मालवणी न समजणाऱ्या अभ्यासकांसाठी तिचा प्रमाण मराठीत सारांश हवा होता. तिने लिहिलं ते असं:

"एका शेतकऱ्याची गाय हरवली. त्याने देवाला कोंबडा देण्याचा नवस केला. गाय परत आल्यावर त्याने हा नवस टप्प्याटप्प्याने कमी करत नेला. उपस्थितांनी आधी दुजोरा दिला, नंतर नाराजी दाखवली. कृतघ्नपणावर ही कथा टीका करते."

शेवटचं वाक्य सोडलं तर यात खोटं काही नाही, आणि म्हणूनच चूक सापडायला वेळ लागतो.

आता आबांनी काय सांगितलं ते पाहा. देवळात गाऱ्हाणं चाललंय. गावकार देवाला उद्देशून एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली मंडळी एकसुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. गावकार सुरू करतो, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुका कोंबो बोललेल्यान..." मंडळी दणक्यात, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात गायवाला गावकाराच्या कानाला लागतो: "कोंबो बारीक आसा रे, नारळार भागव." गावकार न थांबता त्याच सुरात, "तर म्हाराजा, लेकराची परिस्थिती वळखून जो काय नारळ ठेयलेलो आसा तो गोड मानून घे!" या वेळी दोन-तीनच आवाज, तेही ओढून आणलेले. पुन्हा कानाला: "नारळ उद्या देतंय, आज साखर ठेय." गावकार: "जी काय चिमूटभर साखर ठेयलेली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" आता सगळे गप्प. एकटा गायवालाच म्हणतो, "व्हय म्हाराजा." आणि गावकार, सूर जराही न बदलता, "आनि म्हाराजा, ह्येची गाय पुन्ना हरावली तर ती सोदूक आमका धाडू नको रे म्हाराजा!" त्यावर देऊळ दणाणून, "व्हय म्हाराजा!"

चूक पहिली: पुन्हा पुन्हा येणारं वाक्य एकदाच लिहिणं. सारांश म्हणजे पुनरुक्ती काढायची, असं आपण शिकलेलो असतो. बातमीच्या बाबतीत ते ठीक आहे. इथे मात्र "व्हय म्हाराजा" चार वेळा येतं आणि दर वेळी ते म्हणणाऱ्यांची संख्या बदलते. विनोद नेमका त्या आकड्यात आहे: सगळे, दोघं-तिघं, एक, पुन्हा सगळे. "उपस्थितांनी दुजोरा दिला" म्हटलं की हा उतरता-चढता जिनाच सपाट होतो. तुमच्या सारांशात असं झालंय का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. ध्वनिमुद्रण एकदा पेन खाली ठेवून ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना ऐकणारे जिथे हसले ती वेळ तेवढी टिपा. आमच्याकडे तीन ठिकाणं निघाली: १:५२, २:४० आणि ३:३१. मग सारांशावर बोट ठेवून विचारा, १:५२ चं हसू कोणत्या शब्दावर आलं, आणि तो शब्द इथे आहे का? तिच्या पाच वाक्यांत तिन्ही ठिकाणांपैकी एकही सापडलं नाही.

चूक दुसरी: बोलणं मोडून माहिती करणं. "नवस कमी करत नेला" यात कुजबूजही गेली आणि गाऱ्हाण्याचा सूरही. १:५२ ला लोक हसले ते नारळाला नाही. "नारळार भागव" ही बाजारातली घासाघीस गावकाराच्या तोंडून "लेकराची परिस्थिती वळखून" होऊन बाहेर पडते, त्या भाषांतराला ते हसले. (दुभाष्याला हा प्रकार ओळखीचा वाटायला हवा, गावकार दुसरं काय करतोय?) म्हणून निदान एका ठिकाणी तरी कुजबूज आणि गाऱ्हाणं, दोन्ही थेट अवतरणात, शेजारी शेजारी हवीत. सगळीच अवतरणं ठेवली तर सारांश उरणार नाही. एक जोडी पुरते, बाकी आटोपतं घ्या. २:४० चं हसू तर मराठीत जसंच्या तसं येतं: कोंबडा-नारळ गोड मानून घ्यायला सांगणं वेगळं, साखर गोड मानून घ्यायला सांगणं वेगळं. तिने ते शब्द वगळले होते, कारण "गोड मानून घे" ही ठरावीक शब्दयोजना आहे, असं तिला वाटलं. ठरावीक आहेच. म्हणून तर ती वाकवली की हसू येतं.

चूक तिसरी: ऐकणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट न सांगणं. देवाला दिलेला कोंबडा पुढे शिजतो आणि जमलेली मंडळीच तो जेवतात. आबांनी हे सांगितलं नाही, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. वाचकाला माहीत नसेल, तर आवाज का बसत गेले ते त्याला कळणारच नाही. त्याला वाटेल, गाव देवभक्त आणि नवस मोडल्याने रागावलंय. हा खुलासा अर्ध्या वाक्यात, गोष्टीच्या आधी द्यावा. विनोद झाल्यावर केलेला खुलासा म्हणजे थंड झालेली भजी.

या तीन चुका दाखवल्यावर तिने दुसरा खर्डा आणला आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. पहिलंच वाक्य "एका चिकट माणसाची ही धमाल गोष्ट" असं होतं, उद्गारचिन्हं होती, आणि सगळा मजकूर मालवणीत, तोही रंगभूमीवरच्या थाटाचा. यावर माझं मत ठाम आहे: वाचक बोलीला हसला की गोष्टीला हसायचं राहून जातं. मालवणी शब्द ठेवायचे ते जिथे त्यांच्यावाचून विनोद घडतच नाही तिथेच. आमच्या सारांशात "व्हय म्हाराजा" आणि गावकाराचं शेवटचं वाक्य, बस. चिकट, धूर्त असली विशेषणंही आबांनी एकदासुद्धा वापरली नव्हती.

तिसरा खर्डा असा झाला:

"नवसाचा कोंबडा शेवटी गावच जेवतं. गाय घरी आल्यावर गाऱ्हाण्यात गावकाराने कोंबड्याचं नाव घेतलं आणि सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा!' गायवाला कुजबुजला, 'कोंबडा बारीक आहे, नारळावर भागव.' गावकार म्हणाला, 'लेकराची परिस्थिती ओळखून नारळ गोड मानून घे.' दोघं-तिघं म्हणाले, 'व्हय म्हाराजा.' नारळाची साखर झाली. तीही देवाने गोड मानून घ्यायची होती. या वेळी गायवाला एकटाच कसाबसा म्हणाला, 'व्हय म्हाराजा.' मग गावकार त्याच सुरात म्हणाला, 'आनि म्हाराजा, ह्येची गाय पुन्ना हरावली तर ती सोदूक आमका धाडू नको!' सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा!'"

शेवटी "म्हणाले" साधंच ठेवलंय, "गर्जले" नाही. त्यापुढे एकही वाक्य नाही. कृतघ्नपणा वगैरे वाचक बघून घेईल.

हा खर्डा तिने आबांना वाचून दाखवला. ते दोनदा हसले आणि एका शब्दावर अडले. "कसाबसा? न्हय गो चेडवा. तो तर सगळ्यांत मोठ्यान वराडलो." तिने पुन्हा मुद्रण लावलं. २:५८ ला आबांनी तो एकट्याचा "व्हय म्हाराजा" खरंच घसा फोडून म्हटला होता. आधीचे आवाज उतरत आले म्हणून हाही बारीकच असणार, असं तिने, आणि खरं तर मीही, धरून चाललो होतो. "कसाबसा" खोडून तिने "सगळ्यांच्या वाटचा" असं लिहिलं.