पत्रिका जुळवण्याआधी: रास, नक्षत्र आणि लग्न स्वतः कसं काढावं

स्थळ आलं की पत्रिका मागतात आणि आपण फोनवरच्या ॲपमधून निघालेला कागद पुढे करतो. तो बरोबर आहे का, हे फारसं कुणी बघत नाही. गुणांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता हे निव्वळ गणित आहे आणि ते घरी पडताळता येतं.

आधी वेळ पक्की करा. महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ सहसा नसते. ती दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा आजीच्या जुन्या वहीत सापडते. ‘सकाळी दहाच्या सुमारास’ एवढंच कळलं, तर लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा अशा दोन वेळा लिहून घ्या आणि दोन्हींसाठी गणित करा.

उदाहरण म्हणून २४ ऑक्टोबर १९९५ घेऊ. दिवाळीच्या दिवसांतलं ते सूर्यग्रहण अनेकांना आठवत असेल. समजा त्या दिवशी नागपुरात एक मुलगी जन्मली आणि घरचे वेळ सांगतात, ‘पावणेदहा ते अकराच्या मधात’.

आता चंद्र. पंचांगात त्या दिवसाचं नक्षत्र आणि ते किती वाजेपर्यंत आहे हे दिलेलं असतं. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे चंद्राला ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. त्याचे चार चरण असतात आणि नऊ चरणांची एक रास होते. म्हणून नक्षत्र कळलं तरी रास पक्की होतेच असं नाही. चित्राचेच बघा: पहिले दोन चरण कन्येत, पुढचे दोन तुळेत.

आपल्या दिवशी सकाळी दहा वाजून सहा-सात मिनिटांनी अमावास्या संपली. त्या क्षणी सूर्य आणि चंद्र एकाच अंशावर, तुळेच्या साडेसहा अंशांजवळ होते. चित्रा संपते तुळेच्या ६ अंश ४० कलांवर. म्हणजे दहा-पंचवीसच्या आसपास चंद्र स्वातीत शिरला. पावणेदहाचा जन्म धरला तर चित्राचं चौथं चरण, अकराचा धरला तर स्वातीचं पहिलं. रास दोन्हीकडे तूळच. पण चित्राचा गण राक्षस आणि नाडी मध्य, तर स्वातीचा गण देव आणि नाडी अंत्य. ३६ पैकी नाडीचे ८ आणि गणाचे ६ गुण इथेच वरखाली होतात. अशा वेळी गुण मोजायची घाई करू नका, आधी दवाखान्याची नोंद शोधा.

चंद्राची रास-नक्षत्र काढताना जन्मगावानं काही बिघडत नाही, घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं असलं की झालं. लग्नाचं तसं नाही. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास म्हणजे लग्न, आणि ते सरासरी दोन तासांनी बदलतं. ढोबळ काढायची सोपी रीत अशी: सूर्योदयाला सूर्य ज्या राशीत असतो तेच लग्न असतं. त्या दिवशी सूर्य तुळेत होता आणि नागपूरचा सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास. तिथून तूळ लग्न आठच्या आसपासपर्यंत, वृश्चिक सव्वादहापर्यंत, पुढे धनू.

गावाची चूक इथे नडते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगी वाढते मुंबईत, जन्मलेली असते नागपुरात, आणि ॲपमध्ये गाव भरलं जातं मुंबई. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश असल्यामुळे तीच रास इथे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवते. जन्म साडेदहाचा असेल तर नागपूर धरून धनू लग्न निघेल, मुंबई धरून वृश्चिक. मंगळ त्या दिवशी वृश्चिकेत होता, म्हणजे तो एका कुंडलीत बाराव्या घरात आणि दुसरीत पहिल्या घरात बसेल. कामठी की नागपूर, यानं मात्र काही फरक पडत नाही.

ॲपमध्ये अयनांशाची, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून मोजायची ते ठरवणारी, सेटिंगही उघडून बघा. तिथे चित्रापक्ष किंवा लाहिरी हवं. सायन पद्धत निवडलेली असेल तर सगळं जवळजवळ २४ अंशांनी पुढे सरकतं आणि तुळेची मुलगी वृश्चिकेची होते. तपासायचं असेल तर तुमच्या जन्माच्या जवळची अमावास्या घ्या: ती संपतानाच्या वेळेची कुंडली काढा आणि सूर्य-चंद्राचे अंश सारखे येतात का बघा. मग त्याच क्षणाचं नक्षत्र पंचांगाशी ताडा. अंश जुळले पण नक्षत्र जुळलं नाही, तर घोळ अयनांशाचा. अंशच जुळले नाहीत, तर वेळ किंवा तारीख चुकीची भरली आहे.

एक सावधगिरी आणखी. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सुरू होतो. रात्री दोनला जन्म असेल तर दाखल्यावर पुढची तारीख असते, पण पंचांगात आदल्या दिवसाची ओळ बघावी लागते. काही पंचांगं रात्री दोनला २६ वाजले असंही छापतात.

गुरुजींकडे जाताना नक्षत्र आणि चरण, रास, लग्न, जन्मवेळ, जन्मगाव एवढं एका कागदावर लिहून न्या. वेळ अंदाजे असेल तर तसं स्पष्ट लिहा, दोन्ही शक्यतांसह.